मिरजेची तार, काळी चारचा षड्ज

मिरजेतले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींची मागणी सरली आणि फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारखे हात तंतुवाद्यांकडे वळले. सतार आणि तंबोऱ्याची ती परंपरा आजही चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीत राहणाऱ्या माणसाला चांगला तंबोरा ऐकायला फार लांब जावं लागत नाही. पण साताऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात रोज पहाटे तो लावून, कुणाला तरी छेडायला बसवून रियाज करणं सगळ्यांना जमत नाही. माझ्या साताऱ्याच्या भाचीला ते जमत नव्हतं. म्हणून मिरजेचा एक तंबोरा तिच्या पट्टीत लावून त्याचं सलग ध्वनिमुद्रण करायचं ठरलं.

पहिला प्रश्न पट्टीचा. मुलींची पट्टी काळी चार किंवा काळी पाच असते असं सर्रास सांगितलं जातं, पण सांगोवांगी पट्टी धरून चालत नाही. तिला मंद्र पंचमापर्यंत आवाज न दाबता उतरायला लावलं आणि तार गंधारावर थांबायला सांगितलं. काळी पाचला तार गंधार ओढल्यासारखा येत होता. काळी चारला तो मोकळा आला, शिवाय खालचा पंचमही ऐकू येईल इतका भरला. अर्ध्या तासाच्या रियाजानंतर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण ताजा गळा वरची पट्टीही सहज पेलतो. काळी चारच टिकली. म्हणजे तिचा मध्य षड्ज सेकंदाला २०७.६५ कंपनांचा, २०७.६५ हर्ट्झचा.

मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या अ‍ॅपचा उपयोग या एका षड्जापुरता. जोडाच्या दोन पोलादी तारांपैकी एक त्यावर लावून घ्यायची आणि अ‍ॅप बंद करायचं. दुसरी तार पहिलीशी कानाने जुळवायची, पितळी खर्ज त्याच्या बरोबर निम्म्यावर, १०३.८ हर्ट्झच्या आसपास. पंचमाची तार मात्र अ‍ॅपच्या हिरव्या दिव्यावर लावू नये, आणि त्याचं कारण हिशेबाने कळतं.

अ‍ॅपमधल्या बारा पट्ट्या पियानोप्रमाणे समान अंतरांनी वाटलेल्या असतात. त्यात मंद्र पंचम येतो १५५.५६ वर. तंबोऱ्याला हवा असलेला पंचम षड्जाच्या पाऊणपट, म्हणजे १५५.७४. फरक नगण्य वाटतो. पण तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघतात आणि जवारी तर ते मुद्दाम उजळून दाखवते. पंचमाचा चौपट सूर आणि षड्जाचा तिप्पट सूर एकाच जागी, ६२३ च्या आसपास, भेटायला हवेत. अ‍ॅपच्या पंचमाचा चौपट सूर ६२२.२५ वर येतो, षड्जाचा तिप्पट ६२२.९५ वर. ०.७ कंपनांच्या या फरकाने साधारण दीड सेकंदाला एक, अशी आवाजाची लाट उठत राहते. दोन तारा लागोपाठ छेडून कान त्या लाटेवर ठेवायचा आणि मणी सूतभर सरकवत ती लांबवत न्यायची. लाट विरली की पंचम लागला.

या गुणोत्तरांचा विचार सांगलीला नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेऊन स्वरांच्या जागा मोजल्या आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक काढलं. खाँसाहेब पुढे मिरजेतच राहिले. त्यांच्या किराणा घराण्यातली तंबोऱ्याबद्दलची काटेकोर दृष्टी आठवून मी तो पंचम लावला. घाईने लावलेला पंचम ध्वनिमुद्रणात कायमचा राहतो आणि रोज कानाला तसंच वळण लावतो.

त्यानंतर जवारीचा दोरा. घोडीवर तारेखाली दोरा किंचित पुढेमागे सरकवला की एका जागी तार एकदम उघडते आणि आवाज लांबवर गुंजत जातो. चारही तारांच्या या जागा वेगळ्या. दोरा सरकला की सूरही जरासा हलतो, म्हणून पुन्हा मणी, पुन्हा ऐकणं. मग वाद्य अर्धा तास त्याच खोलीत तसंच ठेवायचं. खोली तापली की तारा उतरतात, त्यामुळे पंखा बंद केल्यावर लगेच मुद्रण सुरू करणं बरं नव्हे.

मुद्रणासाठी मायक्रोफोन घोडीसमोर हात-दीड हातावर ठेवला. फोनवर करणार असाल तर एक धोका आधी ओळखा. बरेच फोन बोलणं स्पष्ट यावं म्हणून मागचा सतत चालणारा आवाज गाळून टाकतात, आणि तंबोऱ्याचा गुंजारव त्यांच्या हिशेबी पंख्याच्या घरघरीसारखाच. ऐकताना छेड स्पष्ट येते आणि तिच्यामागचा नाद पाण्याखाली गेल्यासारखा दबतो. तसं झालं तर नॉइज सप्रेशन आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणं, दोन्ही बंद करता येईल असं अ‍ॅप वापरावं.

छेडताना पहिली तार मधल्या बोटाने, बाकी तीन तर्जनीने. एक फेरा पाच-सहा सेकंदांचा, खर्जानंतर हलका विसावा, कुठल्याही तारेवर जोर नाही. जोर पडला की त्यातून ताल ऐकू येतो आणि गाणारा नकळत त्याला बांधला जातो. सलग दहा मिनिटं छेडली. मिनिटभराचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवता येतो, पण एकाच फेऱ्यातली तीच खरखर परत परत आली की कान तिची वाट पाहू लागतो.

दहा मिनिटांचंही टोक टोकाला जोडावंच लागतं. पहिल्या छेडीमागे कसलाही नाद नसतो, आणि शेवटच्या फेऱ्यामागे मात्र चारही तारा गुंजत असतात. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन फेरे टाकून द्यायचे आणि दोन्ही टोकं पंचमाच्या छेडीच्या जरा आधी कापायची. मग शेवटचा किंचित भाग सुरुवातीवर विरघळवून चढवायचा. जोडावर 'खट्' ऐकू आलं तर कापणी चुकली. क्षणभर शांतता आली तर बहुधा फाइल एमपी३ आहे, कारण त्या प्रकारात टोकांना रिकामी जागा भरली जाते. सलग फिरवायची फाइल डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसीमध्येच ठेवावी.

थंडीत एकदा भाचीचा फोन आला, "मामा, घसा बसलाय, आज अर्धी पट्टी खाली हवी." काळी चारची पांढरी पाच करायची तर साधा मार्ग म्हणजे सगळी फाइल थोडी सावकाश वाजवणं. सॉक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ आहे:

```
sox kali4.wav pandhri5.wav speed 0.9439
```

षड्ज १९६ वर उतरतो, फेरा किंचित लांबतो, आणि मुख्य म्हणजे पंचम आणि षड्जाचं कष्टाने साधलेलं पाऊणपट नातं जसंच्या तसं राहतं, कारण प्रत्येक सूर एकाच प्रमाणात खाली येतो. फक्त सूर बदलून वेग तोच ठेवणारी सोयही असते, पण तिने छेडीची धार पसरते आणि जवारी धूसर होते, म्हणून मी ती टाळतो. अर्ध्या पट्टीसाठी आणि ताणून एका पट्टीसाठी वेगाचा उपाय ठीक. त्यापुढे भोपळ्याचा आवाज खाली जाताना जड होतो, वर नेताना पातळ. तेव्हा तंबोराच नव्याने लावून मुद्रण करावं.

राग बदलला तर मात्र वेगाने काही साधत नाही. मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे पहिली तार मध्यमावर हवी. मारव्यात निषादावर. या दोन फाइली मी तिला वेगळ्या करून दिल्या, कारण या बदलात चारांपैकी एकच तार हलते.

ऐकायला तिने आधी नुसता फोन घेतला. फोनचा छोटा स्पीकर १०४ हर्ट्झचा खर्ज जवळपास काढतच नाही. वरच्या सुरांवरून कान तो मनातल्या मनात भरतो, तरी बैठक लागत नाही. मध्यम आकाराचा एक स्पीकर मागच्या बाजूला, आवाज स्वतःच्या गळ्यापेक्षा लहान ठेवला की षड्ज लावताना तो पुरतो. भाची आता तिन्ही फाइलींची नावं पट्टी आणि पहिल्या तारेवरून ठेवते: काळी चार पंचम, काळी चार मध्यम, काळी चार निषाद.