शू आली तर मलाच सांग

पहिलीच्या मुलांसाठी मी लिहिलेल्या पहिल्या स्वागतकवितेची सुरुवात अशी होती: ‘ज्ञानमंदिरी नवागतांचे स्वागत करितो हर्षभरे’. आठ, आठ, आठ आणि सहा. मात्रा मोजून बघा, एकही हलणार नाही. चौथीच्या मुलांनी ती पाठ करून, हात जोडून, दणदणीत आवाजात म्हटली. समोर सतरंजीवर बसलेल्या सात मुलांपैकी तिघे रडत होते, दोघे छताकडे बघत होते आणि एकाने शेजारणीच्या डोक्यातला गुलाब काढून खायला घेतला होता. सरपंचांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

धुळे जिल्ह्यातली आमची शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली ते चौथी. विदर्भ सोडला तर राज्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि त्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. प्रभातफेरी, औक्षण, गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कोऱ्या कागदावर घेतलेले पावलांचे ठसे, आणि मग मोठ्या मुलांनी छोट्यांसाठी वाचलेली कविता. कार्यक्रमपत्रिकेत ती अध्यक्षीय भाषणाच्या आधी किंवा नंतर, म्हणजे कुठेही, कोंबलेली असते. तीच नीट लिहायची आणि नीट वाचून घ्यायची, एवढ्या एका कामात माझी चार वर्षं गेली.

पहिली चूक शब्दांची होती, हे उघड आहे. ‘नवागत’ हा शब्द चौथीतल्या मुलांनाही माहीत नव्हता. एकाने मला विचारलं, “मॅडम, नवागत म्हणजे नवा गट का?” पण सोपे शब्द घातले की काम झालं, असंही नाही. दुसऱ्या वर्षी मी फुलपाखरं, चांदोबा, परीराणी सगळं आणलं. शब्द सोपे होते, पण त्यांत मुलाच्या उपयोगाचं काही नव्हतं. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी जे प्रश्न पडतात ते अगदी ठरलेले असतात. मी कुठे बसू? शू लागली तर? खायला कधी मिळणार? आणि घरी कधी जायचं? कविता या चार प्रश्नांची उत्तरं असली पाहिजे, हे मला तिसऱ्या वर्षी सुचलं. तेही एका मुलाने सतरंजी ओली केल्यावर.

मग उरला आकार. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तनी म्हटलं आहे. नाव भारदस्त असलं तरी चीज घरातलीच आहे. आपली बहुतेक बडबडगीतं याच ठेक्यावर चालतात, त्यामुळे मुलाच्या कानाला तो ओळखीचा असतो. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि पुढे जोराचं जोडाक्षर आलं तर आधीचं ऱ्हस्वही दोनाचं होतं. आठ मात्रा म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाचा एक आरामाचा श्वास. ओळीत असे दोन तुकडे ठेवले आणि दोन ओळींचं कडवं केलं, तर मध्येच दम लागून शब्दाचे तुकडे होत नाहीत. माझ्या जुन्या ओळीत असे चार तुकडे सलग होते. ‘हर्षभरे’पर्यंत पोचताना मुलांचा चेहरा हर्षाचा नव्हे, बुडत्याचा व्हायचा.

पहिलं कडवं असं झालं:

ये रे सोहम, शेजारी बस,
रडायचं तर रड अन् मग हस.

यात ‘सोहम’ची जागा रिकामी धरायची. तिथे येणाऱ्या मुलाचं नाव घालायचं. ‘ये रे’च्या चार मात्रा आणि ‘सोहम’च्या चार, हिशेब चोख. पण ‘परी’ आली की तीनच होतात, मग री लांबवायची: ‘ये गं परीऽ’. ‘आराध्या’च्या सहा मात्रा आहेत, तिथे ‘गं’ गाळायचा: ‘ये आराध्या, शेजारी बस’. हे गणित मी फळ्यावर शिकवलं नाही. मुलांना टाळ्या वाजवत सातही नावं म्हणायला लावली. कुठे नाव टाळीबाहेर सांडतं आणि कुठे कमी पडतं ते त्यांनीच पकडलं आणि दुरुस्त केलं. ‘ज्ञानेश्वरी’ मात्र त्यांना जमेना. शेवटी तिच्या आजीला विचारलं, तर घरी तिला ‘माऊ’ म्हणतात असं कळलं. प्रश्नच मिटला.

‘रडू नकोस’ असं मी मुद्दाम लिहिलं नाही. रडणाऱ्या मुलाला ते आजूबाजूचे सगळे सांगतच असतात. ‘रडायचं तर रड’ ऐकल्यावर निदान एक जण तरी दचकून थांबतो.

दुसरं कडवं:

शू आली तर मलाच सांग,
खिचडीसाठी लावू रांग.

या ओळीवर माझ्या सहकारी शिक्षकांनी हरकत घेतली. पाहुणे असतात, केंद्रप्रमुख असतात, त्यांच्यासमोर ‘शू’? मी म्हटलं, पाहुण्यांना जायचं असेल तर तेही विचारतील. ओळ राहिली. ‘मलाच’मधला ‘च’ मात्रा भरण्यासाठी आलेला नाही. पहिल्या दिवशी मूल मॅडमला काही सांगत नाही, पण मोठ्या मुलीच्या फ्रॉकचं टोक ओढतं. ‘सांग’ आणि ‘रांग’पाशी एक मात्रा कमी आहे, ती शेवटच्या अक्षरावर रेंगाळून भरते आणि तेवढ्यात वाचणाऱ्याला श्वास मिळतो.

तिसऱ्या कडव्यात मी सपशेल आपटले. मी लिहिलं होतं: ‘टणटण झाली की मग आई, तोवर खेळू, नाही घाई.’ चालीला गोड, अर्थाला स्पष्ट. सरावाच्या दिवशी चौथीतली एक मुलगी कागद बघून गप्प झाली. म्हणाली, “मॅडम, अमक्याची आई नाही ना. आणि तिघांची तर ऊसतोडीहून आल्यापासून रोज मजुरीला जाते. ती कुठे येणार?” मोठ्यांनी लिहिलेल्या किती कवितांत आई अशी दाराशी उभी केलेली असते, ते मग मला दिसायला लागलं. आमच्या गावात शाळा सुटल्यावर लहान मूल शेजारच्या मोठ्या मुलाबरोबर घरी जातं, ही खरी व्यवस्था. तेव्हा ओळी अशा झाल्या:

टणटण झाली, घरची वाट,
तुझं घर मला तोंडपाठ.

‘वाट’ आणि ‘पाठ’ हे यमक कच्चं आहे, कबूल. दुसऱ्या ओळीत मात्राही आणखी एक कमीच आहे, मुलं ‘तोंऽड’ असं ओढून ती वसूल करतात. पण हे वचन कविता वाचणारं मूल स्वतः पाळू शकतं. शाळा सुटल्यावर प्रत्येकाने आपापल्या छोट्याचा हात धरून त्याला घरी पोचवलं.

चौथं कडवं माझं नाही. आमच्याकडची मुलं घरी अहिराणी बोलतात आणि पहिलीत आलेल्या मुलाला पुस्तकी मराठी निम्मीच कळते. मी मुलांना म्हटलं, शेवट तुम्ही तुमच्या बोलीत करा. पाचेक मिनिटं कुजबुज झाली आणि हे आलं:

रडू नको, मी आठेच शे,
मना डबा बी तुनाच शे.

मी इथेच आहे, माझा डबाही तुझाच आहे. आठ मात्रांचा ठेका त्यांनी न मोजता धरला होता. सातपुड्यात पावरी बोलणारी मुलं असोत की मेळघाटात कोरकू बोलणारी, हे एक कडवं शिक्षकाने लिहू नये, असं माझं मत आहे. कोरकू तर मराठीपासून इतकी दूरची भाषा आहे की तिथे ते शिक्षकाला बहुधा लिहिताही येणार नाही.

आता वाचन. मे महिनाभर मुलांनी कागद हातात धरलेला नसतो आणि शाळा उघडण्याआधी सरावाला जेमतेम दोन दिवस मिळतात. पाठांतर करून घ्यायचा मोह होतो. मी वाचायलाच लावते. मोठी ताई कागदाकडे बघते आणि तिच्या तोंडून आपलं नाव येतं, हे त्या मुलाने बघावं असं मला वाटतं. मात्र कागद हातात दिला की तो तोंडासमोर जातो आणि आवाज कागदातच अडतो. म्हणून पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घ्यायचा, त्यावर एकच कडवं मोठ्या अक्षरात लिहायचं आणि तो छातीच्या खाली धरायचा. मुलाचं नाव लाल खडूने. वाचून झालं की पुठ्ठा त्या मुलालाच देऊन टाकायचा.

दुसरा दोष एका सुरात वाचण्याचा. आठ-दहा मुलं एकत्र वाचू लागली की दर ओळीचं शेवटचं अक्षर लांबत जातं, ‘शेजारी बऽऽस’, आणि काही वेळाने नुसता घोळ ऐकू येतो. पत्र्यावर पाऊस असेल तर तोही नाही. माइक लावला तर शिट्टी वाजते आणि जे रडत नव्हते तेही रडू लागतात. यावर आमचा उपाय असा, की एक मूल एका मुलासाठी वाचतं, हातभर अंतरावरून, साध्या बोलण्याच्या आवाजात. फक्त ‘टणटण’ सगळ्यांनी मिळून म्हणायचं. रशियात १ सप्टेंबरला अकरावीचा मुलगा पहिलीतल्या मुलीला खांद्यावर घेऊन घंटा वाजवत फिरतो, मोठी मुलं कविताही वाचतात. देखावा सुंदर असतो, पण तो मैदानाला दाखवायचा असतो. आमची कविता पाहुण्यांना ऐकूही येत नाही.

शेवटचा बदल वेळेचा. पूर्वी कविता भाषणांनंतर होती, म्हणजे मुलं पेंगायला लागल्यावर. आता ती दारातच होते, ठसे घेतल्यावर, पाय पुसता पुसता. ‘शेजारी बस’ म्हटलं की मूल खरोखर सतरंजीवर बसतं का, एवढीच परीक्षा मी बघते. यंदा सातांपैकी पाच बसले. सहावा दारातच उभा राहून ‘परत म्हण’ म्हणाला, सातवी आजीच्या पदराखाली गेली. तिसऱ्या दिवशी मात्र शाळा सुटायच्या आधीच मागून ‘टणटण, टणटण’ ऐकू आलं. बघते तर पदराखालची तीच.

आईची ओळ खोडायला लावणारी ती मुलगी गेल्या जूनमध्ये पाचवीला शेजारच्या गावच्या मोठ्या शाळेत गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी बस थांब्यावर भेटली. नवा गणवेश, डोक्यात गुलाब. कसा गेला दिवस, म्हणून विचारलं.

“चांगला गेला. फूल दिलं, पेढा दिला, भाषणं झाली.” मग जवळ येऊन हळूच म्हणाली, “पण मॅडम, शूला कुठे जायचं ते कोणीच नाही सांगितलं.”