कार्ड बरोबर, तरी पिन बसेना

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी नवा फोन घेतला. जुना यूपीआय पिन आठवेना, म्हणून नवा ठरवायला बसल्या. ॲपने डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत संपण्याचा महिना-वर्ष विचारलं. पाकिटातल्या कार्डावर पाहून त्यांनी ते भरलं. मुदत संपायला अजून दोन महिने होते. तरी उत्तर आलं, कार्डाचा तपशील चुकीचा. त्यांनी ॲप काढून पुन्हा टाकलं, पण उत्तर तेच.

ते तेच येणार, कारण कार्ड ॲप तपासतच नाही. भरलेले अंक एनपीसीआयच्या यंत्रणेतून तुमच्या बँकेकडे जातात. निवडलेल्या खात्याला आज कोणतं कार्ड जोडलेलं आहे, हे बँक आपल्या नोंदीत पाहते. जुळलं तरच नवा पिन बसतो.

बाईंच्या बाबतीत बँकेने नवं कार्ड आधीच टपालाने पाठवलं होतं. ते एटीएममध्ये एकदा वापरून त्यांनी पाकिटासकट कपाटात ठेवलं, आणि त्याबरोबर जुनं कार्ड बँकेच्या नोंदीतून बाद झालं. जुन्यावर छापलेली तारीख शिल्लक होती, एवढंच. नव्या कार्डाचे सहा अंक भरताच काम झालं. उलटंही घडतं: नवं कार्ड हातात असतं, पण त्याचा एटीएम पिन तयार करून ते सुरूच केलेलं नसतं. असं कार्डही सहसा नाकारलं जातं.

मुदतीचा घोळ वेगळा. काही कार्डांवर दोन तारखा असतात, VALID FROM आणि VALID THRU. भरायची ती दुसरी, आधी महिना, मग वर्ष. ०९/२८ म्हणजे सप्टेंबर २०२८. नऊ तारखेचा इथे संबंध नाही. हल्लीच्या कार्डांवर अंक उठावाचे नसून सपाट छापलेले, कधी मागच्या बाजूला असतात. ते घासले की ३ आणि ८ सारखेच दिसतात. मोबाइलच्या टॉर्चखाली कार्ड तिरपं धरून वाचावं.

एकाच बँकेत दोन खाती असतील तर ॲपमध्ये दोन्ही दिसतात, ओळखीला खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे देऊन. हे आकडे कार्डाचे नव्हेत. पगाराचं खातं निवडून बचत खात्याचं कार्ड भरलं, तर अंक बिनचूक असूनही नकारच येतो.

कार्ड सापडतच नसेल तर बऱ्याच बँका आधारवर आलेल्या ओटीपीने पिन ठरवू देतात. त्यासाठी खात्याला आधार जोडलेलं हवं आणि आधारचा, बँकेचा मोबाइल क्रमांक एकच हवा. इथे आधारचे पहिले सहा अंक लागतात, शेवटचे नव्हेत. सवयीने शेवटचे भरले जातात.

एवढं करूनही अडलं तर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा आणि एकच विचारावं: ‘या खात्याला सध्या कोणतं कार्ड चालू आहे?’ गुगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’कडून पूर्ण सोळा अंक, मागचा सीव्हीव्ही किंवा ओटीपी मागितला गेला, तर फोन ठेवून द्यावा.