दोन शिवाजींमधला संभाजी

कोल्हापूर गादीच्या यादीत शिवाजी, संभाजी आणि पुन्हा शिवाजी अशी नावे येतात. वाचणारा सहज आजोबा, मुलगा, नातू समजतो. तिथेच घोटाळा होतो. पहिला शिवाजी ताराबाईंचा, संभाजी राजसबाईंचा. वडील एकच, छत्रपती राजाराम. म्हणजे दोघे सावत्र भाऊ. १७१४ मध्ये ताराबाई आणि शिवाजी कैदेत गेले, संभाजी गादीवर बसला. हा वारसा नव्हे, सत्तांतर! १७६० मध्ये संभाजी निपुत्रिक वारला. त्याच्या राणी जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले. म्हणून वंशावळीत आईचे नाव हवेच, दत्तकाची रेघ तुटक हवी आणि जन्मघराणे वेगळे नोंदवावे.