एकाच केळ्याची चित्रफीत

भांड्यांच्या दुकानात ग्राहकासमोर वस्तू वापरून दाखवली की त्याची खात्री पटते. मोबाईलवरच्या चित्रफितीत मात्र मध्ये जोड दिसला की शंका येते, ‘मधल्या वेळात वस्तू बदलली नसेल ना?’ म्हणून अडचण आणि उपाय दोन्ही एकाच सलग दृश्यात दाखवावेत. त्यासाठी संहिता आधी लिहून काढणे अगत्याचे ठरते.

उदाहरण वेफर्सच्या किसणीचे घेऊ. आपल्या घरांत बटाटा वर्ज्य असल्याने वेफर्स कच्च्या केळ्याचे होतात. सुरीने कापताना एक चकती जाड, एक पातळ पडते. तळताना पातळ करपते आणि जाड मऊ राहते. ही अडचण आणि तिचा उपाय तीस सेकंदांत दाखवायचा आहे.

या संहितेचा गाभा एकच आहे : अर्धे केळे सुरीने कापावे आणि उरलेले अर्धे, हातातून खाली न ठेवता, किसणीवर चालवावे. केळे तेच राहिल्याने तुलना निखळ होते.

पहिल्या क्षणी सुरी चालू असावी. नमस्कार, प्रस्तावना नको. आठव्या सेकंदापर्यंत पाच-सहा चकत्या डावीकडे पडाव्यात. मग दोन चकत्यांच्या कडा कॅमेऱ्यासमोर धराव्यात आणि म्हणावे, “एक जाड, एक पातळ.” बाराव्या सेकंदाला सुरी ठेवून, आधीपासून चौकटीत असलेली किसणी पुढे ओढावी. केळे पकडीत बसवून विसाव्या सेकंदापर्यंत चकत्या उजवीकडे पाडाव्यात. त्यानंतर दोन्हीकडच्या चकत्यांच्या कडा शेजारी-शेजारी धराव्यात. अखेरीस पकडीत उरलेला तुकडा दाखवून सांगावे, “एवढा भाग सुरीनेच कापावा लागतो.” वस्तूची मर्यादा आपणच सांगितली, तर ग्राहकाला ती घरी गेल्यावर कळून मनस्ताप होत नाही. तीस सेकंदांत पन्नास-साठ शब्दांहून अधिक बोलू नये.

मोबाईल नेमका डोक्यावर ठेवल्यास चकतीची जाडी दिसत नाही. तो स्टँडवर तिरका लावावा. केळ्याचा पांढरट रंग उठून दिसावा म्हणून ताट गडद रंगाचे घ्यावे. स्टीलचे ताट चकाकते. हात पुढे येताच उजेड कमी-जास्त होऊ नये, यासाठी पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर दोन्ही स्थिर करावेत. सोललेले केळे काळे पडते, म्हणून प्रत्येक प्रयत्नाला नवे केळे घ्यावे आणि कापलेल्या चकत्या ताकाच्या पाण्यात टाकून स्वयंपाकात वापराव्यात.

चित्रफीत आवाज बंद करून पाहावी. शब्दांविना अडचण समजली नाही, तर संहितेतली कृती अपुरी आहे. हात चौकटीबाहेर गेले असतील, तर ती पुन्हा घ्यावी. आणि सुरी मुद्दाम वेडीवाकडी चालवू नये. रोज वेफर्स करणाऱ्या गृहिणीला ते तत्काळ कळते, आणि मग पुढच्या खऱ्या गोष्टीवरही तिचा विश्वास बसत नाही.