काम संपलं, पण शेवटचा हप्ता अडकला? क्लायंटला पाठवायचा ‘क्लोजर मेल’ असा लिहा

वेबसाइट लाइव्ह झाली. क्लायंटने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मस्त झालीये’ असं लिहून अंगठाही दाखवला. मग तुम्ही शेवटच्या १२ हजारांचं बिल पाठवता आणि उत्तर येतं, ‘पण अजून थोडे बदल बाकी आहेत ना?’

भांडण पैशांचं दिसतं, पण खरा प्रश्न वेगळाच असतो: काम नेमकं संपलं कधी? तो दिवस लेखी ठरवण्यासाठी पाठवतात तो प्रोजेक्ट क्लोजर मेल. त्यात तीनच गोष्टी लागतात. काय काय दिलं, कशाकशाचा ताबा दिला आणि ‘काम मिळालं, मान्य आहे’ अशी लेखी मंजुरी, म्हणजेच साइन-ऑफ.

समजा, नाशिकच्या एका डिझायनरने द्राक्ष निर्यातदारासाठी ६० हजारांत वेबसाइट करायचं ठरवलं. ४८ हजार मिळाले, उरलेले १२ हजार मंजुरीनंतर मिळणार. कोटेशनमध्ये आठ पानं, चौकशीचा फॉर्म आणि दोन तासांचं प्रशिक्षण असं लिहिलं होतं.

काय दिलं?

ही यादी कोटेशनच्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत लिहा, म्हणजे क्लायंटला दोन कागद शेजारी ठेवून टिक करता येते. ‘फॉर्म दिला’ एवढंच लिहू नका. ‘चौकशीचा फॉर्म सुरू आहे, ९ जूनला चाचणी केली, मेल तुमच्या इनबॉक्समध्ये आला’ असं लिहा. काही राहिलं असेल तर तेही लपवू नका. ‘गोदामाचे दोन फोटो तुमच्याकडून यायचे आहेत, आल्यावर लावून देईन’ ही ओळ तुमच्याच बाजूने उभी राहते.

ताबा कशाचा?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. घाईत डोमेन डिझायनरच्याच खात्यावर घेतलेलं असतं. वर्षभराने नूतनीकरणाची सूचना त्याच्या मेलवर येते, तो पाहत नाही आणि क्लायंटची वेबसाइट बंद पडते. म्हणून डोमेन आणि होस्टिंग कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, मूळ डिझाइन फाइल्स कुठे ठेवल्यात, हे स्पष्ट लिहा. पासवर्ड मात्र मेलमध्ये टाकू नका. तो मेल पुढे कोणाकोणाला फॉरवर्ड होईल सांगता येत नाही. क्लायंटचं स्वतःचं अ‍ॅडमिन खातं उघडून द्या, पासवर्ड त्यालाच ठरवू द्या आणि तुमचं खातं कधी काढणार ती तारीख कळवा.

मंजुरी कशी मागायची?

‘कसं वाटलं ते कळवा’ असं विचारलंत की अभिप्राय येतो, मंजुरी येत नाही. ‘मस्त’ या शब्दाने काम पूर्ण झालं असं सिद्ध करणंही अवघड. त्यामुळे प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल:

> विषय: वेबसाइटचं काम पूर्ण, २५ जूनपर्यंत मंजुरीची विनंती
>
> नमस्कार सर,
> कोटेशनमधली सर्व कामं १० जूनला पूर्ण करून सुपूर्द केली आहेत. यादी आणि ताब्याचा तपशील खाली दिला आहे. कृपया तपासून ‘काम मिळालं, मंजूर आहे’ असं याच मेलवर कळवावं. काही त्रुटी असल्यास २५ जूनपर्यंत यादी करून पाठवावी. अंतिम १२,००० रुपयांचं बिल सोबत जोडलं आहे.

आणि उत्तरच आलं नाही तर?

‘उत्तर नाही म्हणजे मंजुरी’ असं एकट्याने मेलमध्ये लिहून भागत नाही. ती अट सुरुवातीच्या करारातच हवी. मात्र तुमची उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघू उद्योगात मोडत असाल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा मदतीला येतो. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिली तोच दिवस स्वीकाराचा मानला जातो. पैशांची मुदत लेखी ठरली असली तरी ती त्या दिवसापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. वर विषयात २५ जून ही तारीख आहे ती यासाठीच. नोंदणी काम घेण्याआधी केलेली बरी.

हरकत आलीच, तर तिचे दोन भाग करा. कोटेशनमधलं काही राहिलं असेल तर ते दुरुस्त करा आणि तोच मेल नव्या तारखेने पाठवा. कायद्यानेही मग हरकत दूर केल्याचा दिवस धरला जातो. ‘आणखी दोन पानं वाढवा’ अशी मागणी असेल, तर ती हरकत नाही, ते नवं काम आहे. त्याचं कोटेशन वेगळं द्या आणि जुन्या १२ हजारांचं बिल त्यात मिसळू देऊ नका.