आधी काळी की लाल?

समजा, तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांनी गाडीची बॅटरी बदलण्याची माहितीपुस्तिका लिहिली आहे. पायऱ्या अशा: इंजिन बंद करा. लाल वायरचा नट ढिला करून वायर काढा. काळी वायर काढा. बॅटरी उचला. शेवटी तळटीप: ‘काम करताना हातात अंगठी, कडे नसावे.’

भाषा सोपी, चित्रेही सुबक. तपासणाऱ्या शिक्षकांनी ही पुस्तिका गाडीला कधी हात न लावलेल्या मुलाच्या हाती दिली, तर तो बहुधा लाल वायर सुखरूप काढेल. पुस्तिका उत्तीर्ण झाली असे वाटेल. खरी फसगत इथेच आहे.

आजच्या बहुतेक गाड्यांत काळी, म्हणजे ऋण वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. ती जागेवर असताना लाल टर्मिनलवरचा पाना पत्र्याला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. बॅटरी 12 व्होल्टचीच, पण अशा वेळी शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. ठिणग्या उडतात, पाना लालबुंद तापतो. चार्जिंगच्या वेळी सुटलेला हायड्रोजन आसपास साचला असेल, तर स्फोटही होऊ शकतो. म्हणून काढताना आधी काळी, बसवताना काळी शेवटी. पण पाना पत्र्याला टेकला नाही, तर चुकीचा क्रमही बिनबोभाट पार पडतो. त्यामुळे क्रमाची तपासणी नवख्यावर सोडता येत नाही. ती जाणकाराने कागदावरच करायची. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: ही पुढची-मागची केली तर काय होईल?

तळटिपेचेही तसेच. नवखा माणूस एक ओळ वाचतो, तेवढे काम करतो, मग पुढची वाचतो. अंगठीची सूचना त्याच्या नजरेस पडेपर्यंत काम उरकलेले असते. ती नटाला पाना लावण्याच्या पायरीआधी हवी आणि कारणासकट हवी: ‘अंगठी काढा, शॉर्ट झाल्यास तापून बोट भाजेल.’

याउलट, काही चुका जाणकाराला दिसतच नाहीत. बॅटरी पट्टीने जखडलेली असते. मेकॅनिकचा हात आपसूक त्या पट्टीकडे जातो, म्हणून ती पायरी गळल्याचे त्याच्या लक्षात येत नाही. इथे नवखाच हवा. जाणकाराने दुरुस्त केलेली प्रत त्याला द्यायची, शेजारी उभे राहायचे. धोका दिसला तर थांबवायचे, एरवी तोंड उघडायचे नाही. तो कुठे अडला, कोणती ओळ पुन्हा वाचली, काय शोधत राहिला, हे टिपायचे. 10-15 किलोची बॅटरी तो नुसतीच ओढू लागला, की गळलेली पायरी सापडली. ‘वायर घट्ट बसवा’ वाचून तो थबकला, तर खूण लिहायची राहिली आहे: ‘क्लॅम्प हाताने फिरता कामा नये.’

दुरुस्तीनंतरची चाचणी मात्र दुसऱ्याच नवख्याकडून करून घ्यावी लागते. पहिल्याला आता पट्टी कुठे असते ते ठाऊक झालेले असते.