एकशे ऐंशी ठिपक्यांचा रुपया

पडेगावातून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी घरं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत आजीच्या डब्यात एखादं चांदीचं नाणं असतं. नाण्यांचा नाद असल्यामुळे अशा नाण्यांचे फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येत राहतात. सोबतचा प्रश्न ठरलेला: "काका, खरं आहे का?"

परवा असाच एक फोटो आला. औरंगजेबाचा रुपया, टांकसाळ खुजिस्ता बुनियाद. आपल्याच शहराचं हे जुनं नाव. या टांकसाळीतल्या काही नाण्यांवर औरंगाबाद असं लिहिलेलं असतं, काहींवर खुजिस्ता बुनियाद. फोटो तीन-चार गटांतून फिरून आलेला, तोही स्क्रीनशॉट. मोजलं तर नाण्याची रुंदी जेमतेम १८० ठिपके, म्हणजे पिक्सेल.

आता हिशेब करू. असा रुपया साधारण २२ मिलिमीटर रुंद असतो. २२ ला १८० ने भागलं की एक ठिपका ०.१२ मिलिमीटरचा होतो. खोटं नाणं पुष्कळदा ओतीव असतं. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओततात. ओतताना हवेचे बुडबुडे अडकतात आणि अक्षरांभोवतीच्या मोकळ्या जागेत बारीक गोल खड्डे उरतात. त्यांतले काही ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे. म्हणजे जो पुरावा शोधायचा, तो या फोटोत एक-दोन ठिपक्यांत मावतो. त्यात जेपीजी फोटो जागा वाचवण्यासाठी आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन धरून बारीक तपशील गाळतो. असा एक चौकोन इथे जवळजवळ एक मिलिमीटरचा झाला. खड्डे त्यातच विरून जातात.

इतकंच असतं तर म्हणता आलं असतं की खोटेपणा लपतो, एवढाच धोका. पण उलटंही घडतं. ठशाने पाडलेल्या खऱ्या नाण्याच्या अक्षरांना धारदार कडा असतात. लहान फोटोत त्याही बोथट होतात, आणि बोथट अक्षर हीच तर ओतीव नाण्याची खूण. त्यामुळे खरं नाणं ओतीव भासतं आणि ओतीव नाणं गुळगुळीत, स्वच्छ. फोटो ताणून मोठा केला तरी काही साधत नाही. नव्या ठिपक्यांत जुन्याच ठिपक्यांची सरासरी भरली जाते.

म्हणून मी कळवलं, "या फोटोवरून सांगता येत नाही." "खरं वाटतंय" असं मुद्दामच लिहिलं नाही. असं वाक्य संध्याकाळपर्यंत गटात प्रमाणपत्र बनून फिरतं. "शंका आहे" हेही लिहिलं नाही, कारण त्या शंकेलाही आधार नव्हता आणि नाणं कदाचित अस्सल निघालं असतं.

छोट्या फोटोवरून कधीच काही बोलता येत नाही, असंही नाही. खूण मोठी असेल तर नकार देता येतो. खुजिस्ता बुनियादचा लेख आणि बादशहा मात्र अकबर, असं नाणं दिसलं तर खड्डे पाहायची गरजच नाही. अकबर वारला १६०५ साली आणि मलिक अंबरने हे शहर खडकी या नावाने वसवलं १६१० साली. तसंच हातोड्याने पाडलेल्या दोन नाण्यांचा आकार, सरकलेला छाप आणि कडेची चीर हुबेहूब जुळत नाहीत. जुळली, तर दोहोंपैकी निदान एक ओतीव असणार. फक्त ते एकाच नाण्याचे दोन फोटो नाहीत, याची आधी खात्री करावी. थोडक्यात, असा फोटो कधीमधी "नाही" म्हणू देतो, "होय" कधीच म्हणू देत नाही.

मग मी काय हवं ते मागितलं. मूळ फोटो, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा. फ्लॅश बंद, उजेड एका बाजूने. नाणं फोटोत निदान हजार ठिपके रुंद हवं, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा खड्डा चार-पाच ठिपके व्यापतो आणि त्याचा आकार कळतो. सोबत सराफाकडच्या काट्यावरचं वजन. या रुपयाचं वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम असतं, झिजलेला असेल तर थोडं कमी.

दोन दिवसांनी सगळं आलं. अक्षरांच्या पायथ्याशी गोल, नितळ खड्डे स्पष्ट दिसत होते. जमिनीत गंजून पडलेले खड्डे वेडेवाकडे, कुरतडल्यासारखे असतात. हे तसे नव्हते. कडेवरून कानशीने घासलेली एक रेघ सलग फिरली होती, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. वजन दहा ग्रॅमच्या आत. हे नाणं ओतीव आहे, असं मी त्या घरी कारणांसकट सांगितलं.

मात्र सगळी नाणी इतकी सोपी नसतात. नवा ठसा कोरून, योग्य वजनाच्या चांदीवर पाडलेल्या खोट्या नाण्यात ना बुडबुडे असतात, ना कडेची रेघ. तिथे हजार ठिपक्यांचा फोटोही अपुरा पडतो. असं नाणं हातात घेऊन भिंगाखाली, त्याच टांकसाळीच्या खात्रीच्या नाण्याशेजारी ठेवून पाहावं लागतं. तोवर उत्तर तेच: सांगता येत नाही.